पैसा वाढला म्हणून धंदा वाढला, की धंदा वाढणार होता म्हणून पैसा आधी वाढला?

मॉनेटरिस्ट मंडळींचं म्हणणं थोडक्यात असं, की देशात पैसा किती वेगाने वाढतोय त्यावर पुढचं वर्ष-दीड वर्ष धंदा कसा चालेल हे ठरतं. पैसा आटला की मंदी, सुटला की तेजी, आणि फारच सुटला की महागाई. इथे पैसा म्हणजे नुसत्या नोटा नाहीत, लोकांच्या हातातल्या नोटा अधिक बँकांमधल्या ठेवी, ज्याला आपल्याकडे रिझर्व्ह बँक एम3 म्हणते (व्याख्येत अजून बारकावे आहेत, इथे ते लागत नाहीत).

या म्हणण्याला वजन आलं ते अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन आणि अॅना श्वार्ट्झ यांच्यामुळे. या दोघांनी अमेरिकेचा 1867 ते 1960 असा जवळजवळ शंभर वर्षांचा पैशाचा हिशोब खणून काढला आणि 1963 साली छापला. त्याच्या आसपास फ्रीडमनने एक गोष्ट पुन्हा पुन्हा मांडली: पैशाच्या वाढीचा वेग ज्या महिन्यात शिखरावर असतो त्यानंतर सरासरी 16 महिन्यांनी धंद्याचं शिखर येतं, आणि वेग तळाला गेला की सरासरी 12 महिन्यांनी धंद्याचा तळ येतो. एक-दोनदा नाही, 18 चक्रांची सरासरी. म्हणजे पैसा आधी हलतो, धंदा मागून हलतो, मग कारण कोण आणि परिणाम कोण हे वेगळं काय सांगायचं?

तर सांगायचं खूप आहे. आता हे काही नुसतं कावळा बसायला आणि फांदी तुटायला असंही नाही, पैसा आणि धंदा यांचं नातं खरंच आहे आणि घट्ट आहे. प्रश्न एवढाच की बाण कुठून कुठे जातो. उलट बाजूचे अर्थतज्ज्ञ, म्हणजे इंग्लंडमधला निकोलस कॅल्डोर, अमेरिकेतला जेम्स टोबिन, नंतर बेसिल मूर, यांचं म्हणणं की बऱ्याचदा बाण उलटा असतो, धंद्याची हालचाल आधी ठरते आणि बँकांमधला पैसा तिच्या मागे मागे वाढतो किंवा कमी होतो. लगेच कुणीही विचारेल, अहो पण मागे मागे येणारी गोष्ट तारखेने आधी कशी दिसेल? माझ्या मते सगळ्या वादातली सगळ्यात समजून घेण्यासारखी जागा हीच आहे, आणि ती समजायला गणित नको, बँकेतलं एक कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी खातं पुरे.

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधलं एक छोटं युनिट धरा, प्रेसवर लोखंडी ब्रॅकेट बनवणारं. बँकेच्या क्रेडिट सेक्शनला असताना अशी खाती मी ढिगाने बघितली आहेत, त्यामुळे आकडे सोयीचे घेतले असले तरी चाल खरी आहे. मालकाला बँकेने 50 लाखांचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी लिमिट, आधीच मंजूर करून ठेवलंय. त्यातले तो 18 लाख वापरतोय, बाकीचं नुसतं कागदावर पडून आहे. हे लिमिट मंजूर असणं म्हणजे पैसा नव्हे हं. ते एम3 मध्ये कुठेही मोजलं जात नाही, मालकाने ओढेपर्यंत तो पैसा जन्मालाच आलेला नसतो.

जूनमध्ये त्याला एका गाडीच्या कंपनीकडून मोठी पीओ येते, 30 लाखांच्या मालाची. पीओ ही कागदावरची ऑर्डर आहे, ती ना पैशाच्या आकड्यात दिसते ना उत्पादनाच्या आकड्यात. जुलैमध्ये मालक कळंबोलीच्या स्टील मार्केटमधल्या व्यापाऱ्याकडून 20 लाखांचं पत्र्याचं कॉइल घेतो आणि आरटीजीएस मारतो. त्याच्या बँकेत काय नोंद होते? त्याच्या सीसी खात्याला 20 लाख नावे, आणि व्यापाऱ्याच्या करंट खात्याला 20 लाख जमा. झालं. मालकाचं कर्ज 18 वरून 38 लाखांवर गेलं आणि व्यापाऱ्याच्या खात्यात 20 लाखांची नवीकोरी ठेव उभी राहिली. दुसऱ्या कुठल्याही ठेवीदाराच्या पासबुकातून एक रुपया कमी झालेला नाही. लोक समजतात की बँक एकाची ठेव उचलून दुसऱ्याला कर्ज देते, पण एकूण बँकिंग व्यवस्था म्हणून बघितलं तर कर्ज दिलं की ठेव तयार होते. बँक ऑफ इंग्लंडने 2014 साली स्वतःच्या तिमाही पत्रिकेत हेच अगदी साध्या शब्दांत छापलं, तोवर बऱ्याच पाठ्यपुस्तकांत उलटंच शिकवलं जायचं.

व्यापाऱ्याचं खातं दुसऱ्या बँकेत असलं तरी फरक पडत नाही, फक्त रिझर्व्ह बँकेकडे असलेल्या खात्यांमध्ये या बँकेचे 20 लाख त्या बँकेकडे सरकतात. या बँकेला संध्याकाळी तेवढी रक्कम कमी पडली तर ती कॉल मार्केटमधून, म्हणजे बँका एकमेकींना रात्रीपुरतं उसनं देतात तिथून, उसनी घेते. सगळ्याच बँकांना एकदम कमी पडायला लागली तर कॉलचा दर चढायला लागतो, आणि रिझर्व्ह बँकेचं सध्याचं काम हेच आहे की तो दर रेपोच्या जवळपास ठेवायचा, त्यामुळे ती लिक्विडिटी सोडते. म्हणजे वरून आधी पैसा आला आणि मग बँकेने कर्ज दिलं असा क्रम नाहीच, कर्ज आधी गेलं आणि त्याला लागणारी रोकड मागून आली. बेसिल मूरचा सगळा जोर याच गोष्टीवर होता.

पुढे जाऊ. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे तीन महिने माल बनतो, पगार आणि लाइटबिलाचे अजून 5 लाख सीसीतून जातात, कर्ज 43 लाखांवर. ऑक्टोबरअखेर माल रवाना, बिल निघतं, डिसेंबरमध्ये कंपनीचे 30 लाख येतात आणि ते थेट सीसीत पडतात, कर्ज उतरून 13 लाख. इथे अजून एक गंमत, या 30 लाखांनी कंपनीच्या खात्यातली ठेव कमी झाली पण इकडे कुणाचीच ठेव वाढली नाही, नुसतं कर्ज फिटलं. तेवढा पैसा संपला. कुणी जाळला नाही, कुणी लपवला नाही, हिशोबातून गेला.

आता आकडेवारी गोळा करणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसा. त्याला पीओ दिसत नाही. त्याला जुलैमध्ये ठेवी वाढलेल्या दिसतात, आणि उत्पादन ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये वाढलेलं दिसतं. तो प्रामाणिकपणे लिहितो की पैसा आधी वाढला, उत्पादन एक ते तीन महिन्यांनी वाढलं. अक्षर न् अक्षर खरं आहे. पण दोन्ही गोष्टी घडल्या जूनमधल्या पीओमुळे. अशी हजारो युनिटं एकदम ऑर्डरी घ्यायला लागली की तीच तेजी, आणि तेजीच्या सुरुवातीला कच्चा माल भरण्यासाठी कर्ज उचललं जातंच, त्यामुळे पैसा तारखेने पुढे दिसणार हे ठरलेलंच आहे.

एक खोडा मात्र इथे घालायला हवा, नाहीतर गोष्ट फारच गुळगुळीत होईल. कळंबोलीच्या व्यापाऱ्याचंही स्वतःचं सीसी असेल आणि ते उणे असेल, तर त्याच्याकडे आलेले 20 लाख त्याचं कर्ज फेडण्यात जातील आणि नवीन ठेव उभीच राहणार नाही. एकाचं कर्ज वाढलं, दुसऱ्याचं तेवढंच उतरलं, एम3 जागच्या जागी. कॅल्डोरच्या बाजूचे लोक यावर भर द्यायचे, कारण यातून असं निघतं की लोकांना नको असलेला पैसा फार काळ फिरत राहतच नाही, तो कर्ज फेडून नाहीसा होतो. मॉनेटरिस्ट म्हणतात तसा जास्तीचा पैसा लोकांच्या खिशात खदखदून बाजारात जातो, हे यामुळे अवघड होतं.

मागे येणारा पैसाही तारखेने आधी दिसू शकतो, हा मुद्दा टोबिनने 1970 साली गणिताने मांडला, आणि तो मांडताना जरा खोडसाळपणाच केला. त्याने मुद्दाम असं एक मॉडेल बनवलं की ज्यात पैशाला काडीचीही किंमत नाही, उत्पन्न सगळं खर्चाने ठरतं आणि बँका व मध्यवर्ती बँक मागणीप्रमाणे पैसा पुरवतात. मग त्या मॉडेलमध्ये कोण आधी हलतं ते बघितलं. तिथेही पैशाच्या वाढीचा वेग उत्पन्नाच्या शिखराच्या आधी शिखर गाठत होता! उलट फ्रीडमनच्या विचारातून बनवलेल्या मॉडेलमध्ये, जिथे पैसाच सगळं चालवतो, तारखांचा क्रम फ्रीडमनने दाखवलेल्या आकडेवारीशी तितका जुळत नव्हता. म्हणजे ज्या पुराव्यावर पैज लावली तोच पुरावा समोरच्याच्या बाजूने जास्त बोलत होता.

हे कसं शक्य आहे ते एका साध्या आकड्यांच्या ओळीत दिसतं, आणि कृपया ही ओळ डोळ्यांनी पळवू नका. समजा आठ तिमाह्यांत उत्पादन असं चाललं: 100, 101, 104, 109, 113, 115, 116, 114. शिखर सातव्या तिमाहीत. आता समजा पैसा उत्पादनाचा पक्का नोकर आहे, प्रत्येक तिमाहीत अगदी तोच आकडा, ना आधी ना नंतर. मग पैशाची वाढ काढा: 1, 3, 5, 4, 2, 1, उणे 2. सगळ्यात मोठी वाढ, 5, चौथ्या तिमाहीत. फ्रीडमनने तुलना केली होती ती पैशाच्या वाढीच्या वेगाची, आणि धंद्याच्या पातळीच्या शिखराची. या पद्धतीने आपला नोकरही मालकाच्या तीन तिमाह्या, म्हणजे नऊ महिने आधी निघाला. आता पैसा एक तिमाही उशिरानेच चालवा, म्हणजे तो उघड उघड मागे आहे. त्याच्या वाढीचं शिखर पाचव्या तिमाहीत येईल, तरी उत्पादनाच्या शिखरापेक्षा सहा महिने आधीच! चढणीचा वेग माथ्यावर पोचण्याआधीच मंदावतो, चढण कुठलीही असो. त्या काळच्या टीकाकारांनी हे लगेच पकडलं होतं. फ्रीडमनकडे वेग वापरण्याची कारणं होती, पैसा कायम वाढतच असतो त्यामुळे त्याच्या पातळीला शिखर क्वचितच मिळतं वगैरे, पण 16 महिन्यांतला बराचसा भाग मोजण्याच्या पद्धतीने दिलेला आहे हे नाकारता येत नाही.

कॅल्डोरने हेच सगळं एका वाक्यात उडवून लावलं होतं. डिसेंबरमध्ये इंग्लंडात नोटा नेहमी वाढतात आणि मग लोक खरेदीला बाहेर पडतात, मग काय नोटांमुळे नाताळ येतो म्हणायचं का? आपल्याकडे याचं उदाहरण सरकारी कागदावरच होतं. रिझर्व्ह बँक कित्येक वर्षं ऑक्टोबरच्या सुमारास बिझी सीझनचं आणि एप्रिलच्या सुमारास स्लॅक सीझनचं क्रेडिट धोरण जाहीर करायची. खरिपाचा माल बाजारात यायला लागला की कापूस, तांदूळ, गूळ उचलायला व्यापाऱ्यांना कर्ज लागायचं, मुंबईच्या बाजारात पैशाची ओढाताण व्हायची, आणि पावसाळ्यात ते कर्ज फिटून पैसा परत आटायचा. पीक कर्जामुळे पिकत नव्हतं, पीक होतं म्हणून कर्ज उचललं जायचं. हे इतकं उघड होतं की धोरणाचं नावच त्यावरून पडलं, आणि कुणाला त्यात वाद घालावासा वाटला नाही.

आता मला स्वतःला या टोल्यांचं फार कौतुक नाही. नाताळ असो की सुगी, त्या वेळी मध्यवर्ती बँक मागणीप्रमाणे पैसा सोडते म्हणून पैसा मागे येतो. नाही सोडला तर काय होईल याचं उत्तर या उदाहरणात नाहीच. वागळे इस्टेटच्या मालकाचंच बघा. ऑर्डर नसताना रिझर्व्ह बँकेने बँकांकडे कितीही पैसा ओतला तरी तो 20 लाख उचलणार नाही, कारण 10 टक्के दर धरला तर महिन्याला साधारण 16-17 हजार व्याज फुकट भरावं लागेल. पण उलट बाजूने, ऑर्डर हातात असताना बँकेने लिमिट गोठवलं तर? कॉइल येणार नाही, माल बनणार नाही, ऑर्डर दुसरीकडे जाईल. आणि सगळ्याच बँकांनी सगळ्यांचीच लिमिटं एकदम गोठवली तर दुसरीकडे तरी कुठे जाणार. म्हणजे पैसा धंद्याला पुढे ढकलू शकत नसला तरी मागे खेचू नक्की शकतो. मॉनेटरिस्टांचं खरं बळ इथे आहे.

आणि फ्रीडमनने टोबिनला उत्तर देताना नेमकं हेच म्हटलं, की आम्ही तारखांना कधीच निर्णायक पुरावा मानलं नाही, खरा पुरावा इतिहासातले असे प्रसंग आहेत जिथे पैसा कमी झाला पण धंदा खाली जात होता म्हणून नव्हे, दुसऱ्याच कारणाने कमी झाला. कारण वेगळं असलं की उलट्या बाणाची शंका उरत नाही.

त्यांचा सगळ्यात ठसठशीत प्रसंग ऑक्टोबर 1931 चा. 21 सप्टेंबर 1931 ला इंग्लंडने सोन्याशी नातं तोडलं, म्हणजे पौंडाच्या बदल्यात ठरलेल्या भावाने सोनं देणं बंद केलं. आता अमेरिकाही तोडणार या भीतीने बाहेरच्या लोकांनी डॉलर देऊन सोनं न्यायला सुरुवात केली. सोनं थांबवायला न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने आपला डिस्काउंट दर, म्हणजे बँकांना उसनं देण्याचा दर, दीड टक्क्यावरून आठवडाभराच्या अंतराने दोन उड्यांत साडेतीन टक्क्यांवर नेला. देशात आधीच भयंकर मंदी, बँका बुडतायत, आणि त्यात दर वर! अमेरिकेतला धंदा बघून कुणी हे केलं नसतं, हे झालं सोन्याकडे बघून. त्यानंतर बँका अजून वेगाने बुडाल्या, पैसा अजून वेगाने आटला, मंदी अजून खोल गेली. 1929 ते 1933 मध्ये अमेरिकेतला एकूण पैसा साधारण एक-तृतीयांशाने घटला.

हा पुरावा मला पटतो. पण तो 1931 नंतरच्या काळाचा आहे, 1929-30 चा नाही, आणि या दोन टप्प्यांची गल्लत फार होते. सुरुवातीच्या काळाबद्दल आर्थिक इतिहासकार पीटर टेमिनने 1976 साली एक साधा पण अचूक प्रश्न विचारला: पैशाचा पुरवठा कुणी आवळला असेल तर पैसा महाग व्हायला हवा, मग 1929 मध्ये शेअर बाजार कोसळल्यानंतर सुरक्षित कर्जांचे अल्प मुदतीचे व्याजदर खाली का गेले? कांदे कमी आले तर वाशीच्या बाजारात भाव चढतो. कांदे कमी विकले जातायत आणि भावही पडलाय, तर माल कमी आला असं कुणी म्हणत नाही, गिऱ्हाईक गेलं असं म्हणतात. पैशाचं प्रमाण घटतंय आणि व्याजदरही घटतायत, म्हणजे कर्ज मागणारेच कमी झालेत, बाण धंद्याकडून पैशाकडे आहे.

यावर मॉनेटरिस्टांचं उत्तरही दुर्लक्ष करण्यासारखं नाही. किमती वर्षाला समजा 8 टक्क्यांनी पडत असतील आणि दर 2 टक्के असेल, तर कर्ज घेणाऱ्याला ते प्रत्यक्षात 10 टक्क्यांनी पडतं, त्यामुळे दिसायला स्वस्त पैसा खरा महाग होता. शिवाय स्वस्त होती ती सुरक्षित कर्जं, साध्या दुकानदाराला आणि शेतकऱ्याला बँक दारात उभी करत नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या. मात्र किमती इतक्या पडणार हे लोकांना आधीपासून माहीत होतं का, यावर सगळं अडतं, आणि लोकांची जुनी अपेक्षा कुठल्या वहीत लिहून ठेवलेली नसते.

अजून एक गोष्ट मॉनेटरिस्टांच्या बाजूने सांगायला हवी, कारण उलट बाजूचे लोक ती सोयीने विसरतात. आकडेवारीत पैसा आणि धंदा यांचा संबंध दिसला नाही म्हणजे पैशाचा परिणाम नाही असंही होत नाही. खोलीत चांगला एसी असेल तर बाहेर ऊन किती का असेना, खोलीचं तापमान 25 च राहील, वीज मात्र कमी-जास्त खाल्ली जाईल. नुसते आकडे बघणारा म्हणेल विजेचा आणि तापमानाचा काही संबंधच नाही. मध्यवर्ती बँक मंदीची चाहूल लागली की पैसा सैल करत असेल आणि ते अगदी बरोबर जमत असेल, तर पैसा हलेल, धंदा हलणार नाही, आणि संबंध शून्य दिसेल.

मग आकड्यांनी काहीच कळत नाही का? थोडं कळतं. क्रिस्तोफर सिम्सने 1972 साली अमेरिकेच्या आकड्यांवरून दाखवलं की मागचा पैसा माहीत असेल तर पुढच्या उत्पन्नाचा अंदाज सुधारतो, पण मागचं उत्पन्न माहीत असून पुढच्या पैशाचा अंदाज फारसा सुधारत नाही. मॉनेटरिस्ट खूश झाले. मग 1980 साली त्याच माणसाने त्याच हिशोबात अल्प मुदतीचा व्याजदर घातला, आणि महायुद्धानंतरच्या काळात पैशाचं भाकीत करण्याचं बळ बरंचसं गळून पडलं, पुढचं उत्पादन सांगायला व्याजदर जास्त उपयोगी निघाला. आपल्या जुलैच्या कॉइलसारखंच आहे हे, पीओ हिशोबात नसताना ठेवी ज्योतिषी वाटतात. पैसा पुढच्या गोष्टी सांगतो, पण त्याला त्या दुसरीकडून कळलेल्या असतात.

दुसरी परीक्षा पैशाचे दोन भाग वेगळे करण्याची. एक भाग मध्यवर्ती बँकेने तयार केलेला, म्हणजे नोटा आणि बँकांची तिच्याकडची शिल्लक, आणि दुसरा भाग बँकांनी कर्ज देताना तयार केलेल्या ठेवी. पैसा धंद्याला चालवत असेल तर पहिला भागही धंद्याबरोबर घट्ट हलायला हवा, पण किंग आणि प्लॉसर यांनी 1984 साली दाखवलं की उत्पादनाशी जास्त जवळचं नातं ठेवींचं आहे, मध्यवर्ती बँकेच्या पैशाचं त्या मानाने कमी. कर्जातून जन्मलेला भाग धंद्याबरोबर नाचतो आणि वरून आलेला भाग तितका नाचत नाही, याचा सरळ अर्थ धंदा कर्ज ओढतोय. अर्थात यावरही फ्रीडमनवाले 1929-33 कडे बोट दाखवतात, तेव्हा मध्यवर्ती बँकेचा पैसा वाढला होता आणि ठेवी मात्र बँका बुडाल्याने गेल्या, कर्ज मागणारा नाही म्हणून नव्हे.

आपल्याकडे 1931 सारखा, म्हणजे धंद्याशी संबंध नसलेल्या कारणाने पैसा अचानक कमी झाल्याचा प्रसंग कुठला? 8 नोव्हेंबर 2016. रात्री जाहीर झालं आणि किमतीने 86 टक्के नोटा बाद झाल्या. धंदा मंदावला होता म्हणून हे झालं असं कुणीच म्हणत नाही, त्यामुळे उलट्या बाणाचा प्रश्न आपोआप मिटतो. अभ्यासकांनी यात एक चलाखी केली, नवीन नोटा सगळ्या जिल्ह्यांत सारख्या वेगाने पोचल्या नव्हत्या, मग उशिरा पोचलेल्या जिल्ह्यांची लवकर पोचलेल्या जिल्ह्यांशी तुलना केली, रात्री उपग्रहातून दिसणाऱ्या दिव्यांच्या उजेडावरून सुद्धा. गीता गोपीनाथ यांच्यासह चौघांचा हा अभ्यास 2020 साली छापून आला, आणि त्यात त्या तिमाहीत आर्थिक हालचाल निदान 2 टक्के पॉइंटने घटल्याचं निघालं. मागे खेचण्याचं बळ पैशात आहे, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणं कठीण.

पण मॉनेटरिस्टांनी लगेच पेढे वाटू नयेत. नोटा गेल्या कुठे? बँकेत. लोकांनी रांगा लावून त्या भरल्या आणि खात्यात ठेव वाढली. लोकांच्या हातातली रोकड भयंकर घटली, पण एम3 त्या प्रमाणात अजिबात पडला नाही, कारण त्यात ठेवीही मोजल्या जातात. म्हणजे ज्या आकड्यावर मॉनेटरिस्टांनी आयुष्यभर नजर ठेवली त्यात धक्का फारसा दिसतच नव्हता, आणि धंदा मात्र बसला होता. एपीएमसीत माथाडीची मजुरी आणि टेम्पोचं भाडं रोखीत द्यायचं तर खात्यात कितीही ठेव असून उपयोग नव्हता. धंद्याला अडवलं ते एकूण पैशाच्या आकड्याने नाही, चालणाऱ्या नोटेच्या तुटवड्याने.

रिझर्व्ह बँकेने स्वतः या आकड्यावर भिस्त ठेवून बघितली आहे. 1985 साली चक्रवर्ती समितीचा अहवाल आला, एम3 च्या वाढीचं लक्ष्य धरून धोरण सुरू झालं, 1998 मध्ये ते बाजूला ठेवून अनेक निर्देशांक बघायचं ठरलं आणि 2016 पासून महागाईचं लक्ष्य आणि रेपो दर. जी बँक दर ठरवते तिला त्या दराला लागेल तेवढी रोकड पुरवावीच लागते, त्यामुळे आजच्या व्यवस्थेत एम3 हा निर्णय नसून निकाल आहे, कर्ज उचलणाऱ्यांनी आणि बँकांनी मिळून लावलेला. याचा अर्थ रिझर्व्ह बँकेच्या हातात काही नाही असा नव्हे, ती दर बदलते तेव्हा सीसी ओढायचं की नाही हा मालकाचा हिशोब बदलतो, फक्त ती बटण दाबते ते प्रमाणाचं नाही, किमतीचं.

त्यामुळे पेपरात बँकांचं कर्ज आणि ठेवी वेगाने वाढल्याची बातमी आली, की मी त्याच बातमीत दोन गोष्टी शोधतो. एक, कर्जाचे दर आणि कॉलचा दर त्याच काळात कुठे गेले. कर्ज वाढतंय आणि दरही चढतायत तर मागणी ओढतेय, धंदा पुढे आणि पैसा मागे. कर्ज वाढतंय आणि दर उतरतायत तर पुरवठा सैल झालाय, तिथे फ्रीडमनचं ऐकायला जागा आहे. आणि दोन, कर्ज नक्की कुणी उचललंय, उद्योगाने खेळत्या भांडवलासाठी, की घर, गाडी आणि क्रेडिट कार्डावर. खेळत्या भांडवलाचं कर्ज वाढलं असेल तर कुठेतरी पीओ आधीच निघालेली आहे आणि दोन-तीन महिन्यांनी उत्पादनाच्या आकड्यात ती दिसेल. घरकर्ज वाढलं असेल तर हा अंदाज लागू होत नाही, घोडबंदर रोडवरचा जुना फ्लॅट एकाने विकला आणि दुसऱ्याने कर्ज काढून घेतला तर ठेव वाढते, कर्ज वाढतं, आणि उत्पादनात दलाली आणि कागदपत्रांच्या खर्चाशिवाय काहीच येत नाही.